व्यवसायात गुंतलेल्यांचे पाठांतर : पंधराव्या अध्यायाचे चाळीस दिवस

नांदेड-लातूर परिसरातील आमच्या अनेक व्यवसायबंधूंची एक सुप्त इच्छा असते. श्रीमद्भगवद्गीतेचा पंधरावा अध्याय मुखोद्गत व्हावा, असे त्यांना वाटते. तथापि सकाळी रुग्ण, दुपारी दुकानाचा हिशेब आणि रात्री थकवा, यांत ते राहून जाते. वय झाल्यामुळे आता पाठ होत नाही, अशी तक्रारही आम्ही वारंवार ऐकतो. आमच्या मते दोष बहुधा वयाचा नसून पद्धतीचा असतो.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात अध्ययनविधी सांगितला आहे. पहाटे उठून, शुद्ध व सम जागी सुखाने बसून, मन लावून सूत्राची पुनःपुन्हा आवृत्ती करावी आणि तसेच मध्याह्नी, अपराह्णी व रात्री करावे, असा त्याचा आशय आहे. एकाच बैठकीत तासभर घोकण्यापेक्षा दिवसभर विभागलेली अल्प आवृत्ती त्यांना अभिप्रेत दिसते. आमचा क्रम यावरूनच घेतला आहे.

या अध्यायात अवघे वीस श्लोक आहेत. दोन दिवसांस एक श्लोक धरल्यास चाळीस दिवस पुरतात. पहिल्या दिवशी पहाटे नवा श्लोक जाणत्याकडून ऐकून, पुस्तकात पाहून दहा वेळा म्हणावा. नंतर पुस्तक मिटून पाच वेळा. दुपारी दुकान वा दवाखाना उघडण्यापूर्वी एकदा, पुस्तक न पाहता. रात्री निजण्यापूर्वी पुन्हा एकदा. दुसऱ्या दिवशी नवे काही घेऊ नये. मागील श्लोकाचा शेवटचा चरण व नव्याचा पहिला चरण जोडून दहा वेळा म्हणावेत. विस्मरण श्लोकाच्या मध्यापेक्षा सांध्यावर अधिक होते. वैदिकांच्या क्रमपाठातही पदांचे सांधेच दृढ केले जातात. पाठ झालेला श्लोक तिसऱ्या व सातव्या दिवशी, आणि पुढे प्रत्येक एकादशीस तपासावा.

छंदाकडेही लक्ष असावे. बहुतेक श्लोक आठ अक्षरी चरणांच्या अनुष्टुभात आहेत. मात्र दुसरा ते पाचवा आणि पंधरावा हे पाच श्लोक अकरा अक्षरी चरणांचे आहेत. तेथे चाल बदलते. ती आधी ऐकलेली नसल्यास जीभ अडखळते आणि चुकीचा उच्चार एकदा बसला की काढणे कठीण जाते.

आता एक अनुभव. लातूरचे आमचे एक स्नेही औषधी दुकान चालवितात. कामानिमित्त त्यांना नांदेडला बसने जावे लागते. अहमदपूर ते लोहा हा टप्पा त्यांनी उजळणीस राखून ठेवला. बारावा श्लोक येईपर्यंत सर्व सुरळीत होते. पुढे मात्र ते बाराव्याचा पूर्वार्ध म्हणून सहाव्याचा उत्तरार्ध म्हणत आणि थेट सातव्यावर जात. अध्याय संपेचना! पुस्तक समोर असता चूक होत नसे, म्हणून ती त्यांच्या ध्यानातही येत नव्हती. आम्ही त्यांना डोळे मिटून म्हणावयास लावले, तेव्हा दोष उघड झाला.

कारण स्पष्ट होते. दोन्ही श्लोकांत सूर्य, चंद्र व अग्नी आहेत, ‘भासयते’ हे पद दोहोंत आहे आणि उत्तरार्धांची धाटणीही सारखी आहे. चरकाचार्यांनी शारीरस्थानात स्मृतीची आठ कारणे सांगितली, त्यांत सादृश्य आहे आणि सविपर्यय, म्हणजे विरोधही आहे. येथे सादृश्याने वाट चुकविली, तर विरोधाने ती सुधारता आली. सहाव्यात सूर्यादिक त्या परमधामास प्रकाशित करू शकत नाहीत. बाराव्यात सूर्यादिकांतील तेज हे भगवंताचेच आहे, असे म्हटले आहे. हा अर्थभेद धरून दोन्ही श्लोक लागोपाठ म्हणावयास व बारावा-तेरावा हा सांधा रोज दहा वेळा जोडावयास सांगितले. आठवड्यात घोटाळा थांबला. दहावा व अकरावा हे श्लोकही ‘पश्यन्ति’ या पदामुळे असेच मिसळतात; तेथेही हाच उपाय करावा.

आणखी एक दोष नेहमी आढळतो. प्रत्येक वेळी आरंभापासून म्हटल्याने पहिले श्लोक पक्के होतात व शेवटचे कच्चे राहतात. म्हणून आठवड्यातून दोनदा सोळाव्यापासून आरंभ करावा. कोणीही मधला एखादा चरण सांगितल्यावर पुढे म्हणता आले, तरच पाठ झाले असे समजावे.

या क्रमालाही मर्यादा आहे. पंधरवडाभर खंड पडल्यास नवे घेण्यापूर्वी जेथे अडखळणे सुरू होते तेथे परत यावे. उरलेले दिवस मोजत पुढे रेटू नये. आमच्या स्नेह्यांस चाळिसाऐवजी एकावन्न दिवस लागले. आता ते दुकानाचे कुलूप काढण्यापूर्वी उभ्याने पूर्ण अध्याय म्हणतात, आणि त्यास पाच-सहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. जाठराग्नीचा उल्लेख असलेला चौदावा श्लोक आला की ते किंचित थांबतात; वैद्यकाच्या व्यवसायातील माणसास तो आपला वाटतो, असे ते म्हणतात.