तेरीज जुळली, तरी चूक उरते

खतावणीतील सर्व खात्यांचे शेष नावे आणि जमा अशा दोन रकान्यांत मांडून बेरीज केली की तेरीज तयार होते. प्रत्येक व्यवहार दोन्ही बाजूंना सारख्याच रकमेने लिहिलेला असल्याने दोन्ही बेरजा जुळायला हव्यात. त्या जुळल्या नाहीत आणि चूक लगेच हाती लागली नाही, तर फरकाची रक्कम कमी पडणाऱ्या बाजूला निलंबन खात्यावर, म्हणजेच सस्पेन्स अकाउंटवर, टाकतात. ही केवळ तात्पुरती सोय असते, दुरुस्ती नव्हे.

एका भांड्यांच्या दुकानाच्या तेरजेत नावे बाजू ३,४२,६५० रुपये आणि जमा बाजू ३,४१,५६० रुपये आली, असे समजू. फरकाचे १,०९० रुपये निलंबन खात्यात जमा बाजूला लिहिले गेले. पुढे तपासताना विक्री पुस्तकाची बेरीज १,००० रुपयांनी कमी घेतल्याचे आढळले. उधारीच्या गिऱ्हाइकांची खाती मात्र बरोबर होती, त्यामुळे चूक एकट्या विक्री खात्यात होती. म्हणून निलंबन खाते १,००० रुपयांनी नावे आणि विक्री खाते तेवढ्यानेच जमा केले.

उरले ९० रुपये. नवाने निःशेष भाग जाणारा फरक दिसला की मुरलेला हिशेबनीस अंकांची अदलाबदल शोधू लागतो. इथेही रोखपुस्तकात एका गिऱ्हाइकाकडून आलेले ५४० रुपये बरोबर लिहिलेले होते, पण त्याच्या खात्यात जमा करताना त्यांचे ४५० झाले होते. आधीचे हजार बाजूला होईपर्यंत ही खूण दिसणे शक्यच नव्हते, कारण १,०९० ला नवाने भाग जात नाही. निलंबन खाते ९० रुपयांनी नावे आणि गिऱ्हाइकाचे खाते जमा करताच निलंबन खाते शून्य झाले.

तरीही वह्या बिनचूक झाल्या नव्हत्या. दुकानातील कपाटांच्या दुरुस्तीचे २,४०० रुपये दुरुस्ती खर्चाऐवजी फर्निचर खात्याला नावे पडले होते. बाजू बरोबर, रक्कम बरोबर, फक्त खाते चुकीचे. तेरजेला याचा पत्ताही लागत नाही. व्यवहार लिहायचाच राहिला, किंवा ७,८०० रुपयांची विक्री मूळ पुस्तकातच ८,७०० अशी उतरली, तरी दोन्ही बाजू सारख्याच चुकतात आणि तेरीज जुळते. एका खात्यातील कमतरता दुसऱ्या खात्यातील तेवढ्याच चुकीने योगायोगाने भरून निघाली, तरी तेच घडते.

अशा चुकांच्या दुरुस्तीत निलंबन खाते येत नाही. इथे दुरुस्ती खर्च २,४०० रुपयांनी नावे आणि फर्निचर खाते तेवढ्यानेच जमा केले. विक्रीच्या दुरुस्तीने नफा १,००० रुपयांनी वाढला होता. या नोंदीने तो २,४०० रुपयांनी घटला. गिऱ्हाइकाच्या ९० रुपयांचा नफ्याशी संबंधच नव्हता. फर्निचरवरील घसाराही वाढीव रकमेवर आकारला गेला असेल, तर तो वेगळा दुरुस्त करावा लागतो.