नव्वद दिवसांची मुदत आणि फ्रेंच नकार

फ्रेंच व्यावसायिक पत्रात नकार सहसा पहिल्या ओळीत येत नाही, पण तो शेवटपर्यंत लपवलेलाही नसतो. ग्राहकाचे म्हणणे पोहोचल्याची पावती, मग कारण, मग नकाराचे एकच स्पष्ट वाक्य, लगेच पर्याय आणि शेवटी रिवाजाचा समारोप, अशी त्याची ठरलेली वाट असते. सारे कसब नकाराच्या त्या एका वाक्यात आणि त्याच्या मागच्यापुढच्या दोन वाक्यांत असते.

लियोंमधल्या एका छापखान्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. जुन्या ग्राहकाला १० मार्चच्या तारखेचे १२,००० युरोंचे बिल गेले आहे. ग्राहक पैसे भरायला ९० दिवसांची मुदत मागतो. छापखान्याला ती देता येत नाही आणि ग्राहकही गमवायचा नाही.

पत्राची सुरुवात ‘नूझाव्हों बियें रस्यू व्होत्र दमांद’ अशी, म्हणजे ‘आपली विनंती मिळाली’ अशी करून लगोलग आभार मानले जातात. इथे विनंती नेमक्या शब्दांत, तारीख आणि मुदतीसह पुन्हा लिहिणे चांगले. आपले म्हणणे नीट वाचले गेले, हे ग्राहकाला त्यातून कळते.

मग कारण. फ्रान्समध्ये या बाबतीत एक भक्कम कारण हाताशी असते. २००८च्या अर्थव्यवस्था आधुनिकीकरण कायद्यापासून दोन व्यवसायांमधल्या बिलाची मुदत सर्वसाधारणपणे बिलाच्या तारखेपासून ६० दिवसांपलीकडे ठरवता येत नाही. महिनाअखेरीच्या हिशेबाने ४५ दिवस, असा दुसरा मार्ग आहे आणि काही क्षेत्रांना वेगळे नियम आहेत. मर्यादा मोडणाऱ्या कंपनीला २० लाख युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. पत्रात कायद्याची मर्यादा सांगावी, दंडाचा आकडा मात्र सांगू नये. मर्यादा ही दोघांवरची अट ठरते, दंडाचा उल्लेख धमकीसारखा वाचला जातो. ‘व्हू निन्योरे पा’, म्हणजे ‘आपल्याला ठाऊक नाही असे नाही’, ही सुरुवातही टाळावी. तिच्यात मास्तरकी आहे.

मागणी सवलतीची असेल तर कायदा मदतीला येत नाही. तेव्हा एकच खरे कारण पुरते, उदाहरणार्थ कागदाचा वाढलेला भाव. चार कारणे दिली की ग्राहक त्यातले सर्वांत कच्चे निवडतो आणि वाटाघाटी तिथूनच पुन्हा सुरू होतात.

आता प्रत्यक्ष नकार. ‘नू न सोम पाझां मझ्युर द व्हूझाकोर्दे स देले’, अर्थात ‘ही मुदत देणे आम्हाला शक्य नाही’. क्रियापद साध्या वर्तमानकाळात आहे. फ्रेंच शिकणाऱ्याला सौम्यपणासाठी संकेतार्थ वापरायची सवय लावलेली असते. विनंती करताना ती शोभते, नकारात मात्र घात करते. ‘नू न पूरियों पा’, म्हणजे ‘आम्हाला जमणार नाही बहुधा’ अशा थाटाचे वाक्य, वाचताच ग्राहक विचारतो: मग कोणत्या अटीवर जमेल? ‘पूर ल मोमां’, म्हणजे ‘सध्या तरी’, हे शब्दही दार किलकिले ठेवतात. ‘सा व्हा एत्र कोंप्लिके’, म्हणजे ‘अवघड आहे’, हे फोनवर बोलताना नकारासारखे समजले जाते, पण पत्रात त्यावर विसंबता येत नाही. उलट टोकाला ‘नू रफ्यूझों’, म्हणजे ‘आम्ही नाकारतो’, फार कठोर. खेद एकदाच, ‘नू रग्रेतों’ म्हणून व्यक्त करावा. तीनतीनदा माफी मागणाऱ्याचा नकार पक्का वाटत नाही.

नकारानंतरचे वाक्य ‘आं रव्हांश’ने सुरू होते. ‘त्याऐवजी मात्र’ असा त्याचा सूर आहे. या ठिकाणी मोघम सहानुभूती नको, आकडे हवेत: ६,००० युरो ९ एप्रिलपर्यंत आणि उरलेले ६,००० युरो ९ मेपर्यंत. दुसरा हप्ता बरोबर साठाव्या दिवशी पडतो, त्यामुळे कायदा पाळला जातो आणि ग्राहकाला निम्म्या रकमेपुरता श्वासही मिळतो. पुढे ‘आणखी काही माहिती हवी असल्यास कळवा’ असे छापील वाक्य लिहिले, तर संपलेला विषय पुन्हा उघडतो. ‘हे हप्ते ठरवण्यासाठी शुक्रवारपर्यंत कळवावे’, असे लिहिणे अधिक उपयोगी.

समारोपाची मांडणी ग्राहकाशी असलेल्या सलगीवर ठरते. औपचारिक पत्रात ‘व्हयये आग्रेये’पासून ‘साल्युतास्यों दिस्तेंगे’पर्यंतचे लांब वाक्य येते आणि त्यात सुरुवातीचेच संबोधन जसेच्या तसे परत घ्यावे लागते. वर ‘प्रिय महोदय’ असेल तर खालीही तेच. ईमेलमध्ये ‘कोर्दियालमां’ चालते. पण एरवी स्नेहाने लिहिणाऱ्या जुन्या ग्राहकाला नकाराच्या दिवशीच अचानक लांब, औपचारिक समारोप पाठवला, तर त्याला नकारापेक्षा तो थंडपणाच जास्त बोचतो. अशा ग्राहकाला आधी फोन करावा आणि ईमेल त्याच दिवशी, बोलण्याची नोंद म्हणून पाठवावी.