जुन्या साहेबांचं पत्र

चाकणच्या एका कारखान्यात सव्वादोन वर्षं क्वालिटी इंजिनियर म्हणून काम केलेली, माझ्या मित्राची मुलगी गेल्या ऑक्टोबरात घरी आली. अमेरिकेतल्या सहा विद्यापीठांत एमएससाठी अर्ज करायचे होते आणि पहिली मुदत होती १५ डिसेंबर. प्रत्येक ठिकाणी शिफारसपत्रं तीन हवी होती. दोन प्राध्यापकांनी होकार दिला होता. तिसरं पत्र नोकरीतल्या वरिष्ठांकडून घ्यायचं, तर तिला नोकरी सोडून दीड वर्ष झालेलं आणि तिचे तेव्हाचे मॅनेजरही त्यानंतर दुसऱ्या कंपनीत गेलेले. "काका, प्लांट हेड अजून तिथंच आहेत. त्यांचं पद मोठं आहे, त्यांनाच विचारू का?" हा तिचा पहिला प्रश्न.

मी स्वतः बरीच वर्षं मॅनेजर होतो आणि अशी पत्रं लिहिली आहेत. प्लांट हेडला विचारू नकोस, असं मी तिला सांगितलं. प्रवेश समितीला पदाचं वजन फारसं नको असतं. या माणसानं अर्जदाराला काम करताना पाहिलं आहे का आणि पाहिलं असेल तर काय पाहिलं, हे त्यांना हवं असतं. वर्षातून दोनदा मीटिंगमध्ये दिसणाऱ्या प्लांट हेडच्या पत्रात "मेहनती, हुशार, सर्वांशी मिळूनमिसळून वागणारी" यापलीकडे काही येणार नाही. अशी वाक्यं कुणालाही लागू पडतात, म्हणून त्यांचा उपयोग होत नाही. मॅनेजरनं कंपनी बदलली याचीही अडचण नसते. त्यांनी आपल्या आजच्या ऑफिसचा ई-मेल पत्ता द्यायचा आणि पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिहायचं की अमुक ते अमुक काळात, अमुक कंपनीत ही माझ्या हाताखाली होती. ऑफिसचा पत्ता शक्यतो घ्यावा, कारण जीमेलसारख्या पत्त्यावरून पत्र खरंच त्या माणसाचं आहे का, याची खात्री करणं अवघड जातं आणि काही विद्यापीठं असा पत्ता घेतच नाहीत.

हे पत्र आपल्या हातात येत नाही, ही गोष्ट आपल्याकडे अजून अनेकांना ठाऊक नसते. अनुभवपत्र किंवा रिलीव्हिंग लेटर मागून घ्यावं तसं हे बंद पाकिटात आणून जोडायचं नसतं. अर्जात मॅनेजरचं नाव, हुद्दा आणि ई-मेल भरला की विद्यापीठाची यंत्रणा थेट त्यांना लिंक पाठवते. त्यावर ते पत्र चढवतात. शिवाय बऱ्याच ठिकाणी एक तक्ता भरावा लागतो. विश्लेषणाची क्षमता, जबाबदारी, लेखी मांडणी अशा एकेका गुणासाठी, आपण पाहिलेल्या लोकांत ही व्यक्ती वरच्या पाच टक्क्यांत बसते, दहात की पंचवीसात, अशी खूण करायची असते.

त्याच पानावर अर्जदाराला एक प्रश्न असतो: हे पत्र पुढे पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? अमेरिकेच्या १९७४च्या कायद्यानं प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला स्वतःची कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला आहे. शिफारसपत्रापुरता तो स्वेच्छेनं सोडता येतो. आपण काय निवडलं हे शिफारस देणाऱ्यालाही सहसा कळतं. तो हक्क सोडावा, कारण जे पत्र अर्जदार वाचू शकतो ते मोकळेपणानं लिहिलेलं नसावं, अशी शंका वाचणाऱ्याच्या मनात येते.

आता विचारायचं कसं? तिनं व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज लिहून ठेवला होता: "सर, कसे आहात? एक छोटं काम होतं." मी तो पाठवू दिला नाही. काम छोटं नाही. सहा विद्यापीठं म्हणजे सहा लिंका, सहा तक्ते, आणि नोकरीतल्या माणसाचे तीन-चार तास. हे आधीच स्पष्ट सांगणं हा त्यांचा मान आहे. वेळ विचारून तिनं फोन केला आणि साधारण असं बोलली: "सर, मी पुढच्या वर्षी एमएससाठी अर्ज करतेय. सहा ठिकाणी. पहिली मुदत १५ डिसेंबरची आहे. माझं रोजचं काम तुम्ही जवळून पाहिलंय, म्हणून तुम्हाला विचारतेय. माझ्याबद्दल ठामपणे लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का? वेळ नसेल किंवा तसं वाटत नसेल तर अगदी मोकळेपणानं सांगा, मी दुसरी सोय करीन."

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायला माणूस कचरतो. तो "बघू" म्हणतो, "दिवाळीनंतर आठवण कर" म्हणतो आणि डिसेंबर उजाडतो. दोनदा असं उत्तर आलं तर तो नकारच समजावा आणि राग न धरता दुसऱ्याकडे जावं. कोमट पत्र हे पत्र नसण्यापेक्षा फार बरं नसतं.

तिच्या सरांनी होकार दिला आणि लगेच म्हणाले, "तूच लिहून पाठव गं, मी सही करतो." हे वाक्य भारतातल्या जवळजवळ प्रत्येक अर्जदारानं ऐकलेलं असतं. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. त्याला वेळ नसतो, किंवा इंग्रजीत दोन पानं लिहायची धास्ती असते. तरी हे करू नये. पत्र मी स्वतः लिहिलं आहे, असं अनेक फॉर्मवर त्यांना कबूल करावं लागतं, म्हणजे आपण आपल्या माणसाला खोटं बोलायला लावतो. त्यातून फायदाही होत नाही. एकाच हातानं लिहिलेलं निवेदन आणि पत्र शेजारी ठेवलं की शब्दांच्या लकबी जुळतात, आणि समितीतली माणसं असे शेकडो अर्ज वाचलेली असतात. त्याहून मोठा तोटा असा की स्वतःबद्दल लिहिताना आपण गुणांची यादी करतो. मॅनेजर लिहितो तेव्हा तो इतरांशी तुलना करतो, आणि ती तुलना फक्त त्यालाच करता येते. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. तिथं भाषेची परीक्षा त्यांची नसते.

मग त्यांचा वेळ वाचवायचा कसा? पत्र लिहून द्यायचं नाही, आठवण ताजी करून द्यायची. दीड वर्षात त्यांच्या हाताखालून आणखी माणसं गेलेली असतात. आपल्याला जे काल घडल्यासारखं वाटतं ते त्यांना धूसर आठवत असतं. तिनं एका पानाचं टिपण केलं. त्यात कंपनीतल्या तारखा आणि हुद्दा होता, कोणत्या विषयात एमएस करायचं आणि का ते होतं, सोबत मुदतींचा तक्ता होता, आणि मुख्य म्हणजे दोन प्रसंग होते.

पहिला प्रसंग अ‍ॅल्युमिनियमच्या पंप हाउसिंगचा. लीक टेस्टमध्ये शंभरातले चारेक तुकडे बाद होत होते आणि सगळे धातूच्या दर्जाला दोष देत होते. तिनं बाद तुकड्यांची नोंद शिफ्टप्रमाणे न करता तासाप्रमाणे करायला घेतली. तीन आठवड्यांनी दिसलं की बरेचसे तुकडे मशीन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तासातले आहेत, म्हणजे डाय पुरेसा तापण्याआधीचे. डाय आधी तापवून घ्यायचा आणि सुरुवातीचे तुकडे बाजूला काढून वितळवायला परत द्यायचे, असा नियम झाला आणि काही महिन्यांत प्रमाण दीडवर आलं. ग्राहक कंपनीचं नाव टिपणात नव्हतं आणि नसावंच. गोपनीयतेचा करार नोकरी सोडल्यावरही लागू असतो.

दुसरा प्रसंग लिहायला ती तयार नव्हती, कारण त्यात तिची चूक होती. पहिल्या वर्षी तिनं आकड्यांची मेल सुपरवायझरला न विचारता थेट वरच्या सगळ्यांना पाठवली होती. सुपरवायझर दुखावला आणि पुढचे पंधरा दिवस तिला नोंदी मिळेनात. सरांनी तिला बोलावून सांगितलं होतं की आकडे आधी शॉप फ्लोअरवर दाखव, मग मेल कर. तासागणिक नोंदीच्या वेळी ती रोज सकाळी त्याच सुपरवायझरपाशी उभी राहून वही भरत होती. मी म्हटलं, हा प्रसंग ठेवच. एमबीएच्या अनेक नामवंत संस्था जे सामायिक शिफारसपत्र वापरतात त्यात तर सरळ विचारलेलं असतं की तुम्ही अर्जदाराला दिलेली सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती आणि त्यावर त्यानं काय केलं. एमएसच्या पत्रात हा प्रश्न नसला तरी असा प्रसंग लिहिणाऱ्यानं माणूस खरोखर पाहिला आहे, हे त्यातून लगेच कळतं.

टिपणात तिनं एकही विशेषण वापरलं नाही. काय घडलं तेवढंच लिहिलं. मत बनवणं सरांचं काम.

एक अडचण मध्येच उभी राहिली. सरांच्या नव्या कंपनीच्या एचआरनं लेटरहेड वापरायला मनाई केली. बऱ्याच कंपन्या माजी कर्मचाऱ्याविषयी तारखा आणि हुद्दा यापलीकडे काही लेखी देत नाहीत, आणि इथं तर ती त्या कंपनीची कर्मचारीही नव्हती. त्यावर उपाय सोपा असतो. साध्या कागदावर, व्यक्तिगत नात्यानं लिहायचं, खाली नाव, आजचा हुद्दा, संपर्क आणि सही. विद्यापीठानं लेटरहेडचा आग्रह धरला असेल तर मात्र आधीच त्यांना विचारून घ्यावं.

लिंका पाठवल्यावर खरी गडबड झाली. सहापैकी दोन सरांना मिळाल्याच नाहीत. एक कंपनीच्या स्पॅम फिल्टरमध्ये अडकली होती. दुसरी निघालीच नव्हती, कारण काही विद्यापीठं नाव भरताच लिंक पाठवतात, तर काही आपण अर्ज पूर्ण भरून सादर केल्यावर. म्हणून आपला अर्ज मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी तरी पुढे सरकवावा आणि "सर, लिंक दिसतेय का?" हे त्याच दिवशी विचारावं. पत्र आलं की नाही हे अर्जाच्या पानावर दिसतं. तिथूनच लिंक पुन्हा पाठवता येते. मुदतीच्या वेळेचंही भान हवं. न्यूयॉर्कच्या घड्याळानं १५ डिसेंबरच्या रात्रीची ११:५९ म्हणजे आपल्याकडे १६ तारखेची सकाळ, १०:२९.

सरांनी सहावं पत्र ९ डिसेंबरला भरलं. तिनं त्याच संध्याकाळी फोन करून आभार मानले आणि मार्चमध्ये पहिलं प्रवेशपत्र आलं तेव्हा आईवडिलांनंतर त्यांनाच कळवलं. पत्रात काय लिहिलं होतं ते तिनं वाचलेलं नाही.

तुम्ही आज नोकरी सोडायच्या बेतात असाल आणि पुढे शिकायचा विचार दूर कुठेतरी असेल, तरी शेवटच्या आठवड्यात एक काम करा. ऑफिसचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो. त्याआधी मॅनेजरचा खासगी नंबर घ्या, आणि कंपनीची कोणतीही फाइल न उचलता, आपण काय केलं, कधी केलं आणि कोणी काय सुचवलं हे स्वतःच्या वहीत आपल्या शब्दांत लिहून ठेवा.