लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय? थांबा, तो दाबू नका!

बीडमधलं एखादं ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान डोळ्यांसमोर आणा. वर पत्रा, मे महिन्यातला चाळिशीपार गेलेला पारा आणि सकाळपासून रात्रीपर्यंत चार्जिंगला लावलेला लॅपटॉप. एक दिवस टचपॅडचं क्लिक होईना. झाकणही नीट बसेना, टेबलावर ठेवला तर लॅपटॉप डुगडुगतो. दुकानदार टचपॅड अंगठ्याने दाबून पाहतो, रात्री वर जाड रजिस्टर ठेवून जातो. त्याला वाटतं टचपॅड बिघडला. खरं तर खाली बॅटरी फुगलेली असते.

असं का होतं? लॅपटॉपच्या बॅटरीत लिथियम-आयनचे सेल असतात. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये हे सेल चांदीसारख्या चकचकीत, बंद पाकिटात असतात आणि ही पाकिटं बहुतेक वेळा टचपॅडच्या आसपासच बसवलेली असतात. आत धन आणि ऋण बाजूचे थर असतात, त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा आणि सगळीकडे एक द्रव. सेल कायम पूर्ण चार्ज, म्हणजे साधारण 4.2 व्होल्टवर राहिला आणि त्यात उकाडा असला, की हा द्रव हळूहळू विघटित होऊन वायू तयार होतो. कार्बन डायऑक्साइडसोबत त्यात पेट घेणारे वायूही असतात. पाकिटाला बाहेर जायला वाट नसते, म्हणून ते फुगतं.

मग दाबलं तर काय बिघडतं? एक तर दाबल्याने वायूचा पुन्हा द्रव होत नाही. दुसरं, मधला पडदा केसापेक्षाही पातळ असतो. तो एका जागी जरी फाटला, तरी दोन्ही थर एकमेकांना भिडतात आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होतं. त्या उष्णतेने शेजारचा भाग तापतो, त्यातून आणखी उष्णता निघते आणि काही क्षणांत धूर किंवा ज्वाळा येऊ शकतात. टाचणीने भोक पाडून हवा काढणं तर त्याहून घातक. पडदा तर फाटतोच, शिवाय हवेतल्या ओलाव्याशी आतल्या क्षाराची क्रिया होऊन विषारी वायू निघतो.

‘अजून चालतोय ना’ म्हणून चार्जिंग सुरू ठेवलं, तर वायू वाढतच जातो. म्हणून लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पुन्हा लावू नका. गादी, पडदे, कागदांपासून दूर, फरशीवर ठेवा. बॅटरी स्वतः उचकटू नका, दुरुस्ती करणाऱ्याला ‘बॅटरी फुगलीय’ असं आधीच सांगा. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, कारण गाडीत कचरा दाबला जातो. ती बॅटरी किंवा ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडेच द्या. धूर दिसला तर लॅपटॉप उचलायला जाऊ नका, बाहेर पडा आणि 101 वर फोन करा.

नवीन बॅटरी बसवल्यावर सेटिंगमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल, तर ती सुरू करा. दिवसभर प्लग लावून ठेवणाऱ्या दुकानात तिचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.