मेरँगला पाझर का फुटतो?

लेमन मेरँग पाय म्हणजे मैद्याच्या खुसखुशीत पारीत लिंबाचं घट्ट सारण आणि त्यावर अंड्याच्या पांढऱ्या भागाचा, साखर घालून फेटलेला फेस. हा फेस म्हणजे मेरँग. ओव्हनमधून निघताना त्याची शिखरं हलकी तांबूस झालेली असतात आणि सगळं कसं झकास दिसत असतं. तासा-दोन तासांनी पाहावं, तर वरच्या तांबूस पृष्ठभागावर चिकट, सोनेरी थेंब जमलेले असतात. सुरी घालून तुकडा काढावा, तर मेरँग सारणावरून घसरतं आणि मधल्या फटीत पातळ पाणी दिसतं. कधी दोन्ही तक्रारी एकाच पायात सापडतात.

वरचे थेंब आणि खालचं पाणी यांची कारणं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. म्हणून थेंब नेमका कुठे आला, हे आधी बघायचं. चूक कुठे झाली ते त्यावरूनच कळतं.

अंड्याच्या पांढऱ्या भागात जवळपास ८८ टक्के पाणी असतं, उरलेलं बहुतेक प्रथिन. फेटताना या प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात, हवेच्या बुडबुड्यांभोवती एकमेकींना धरतात आणि पाण्याचा पातळ पापुद्रा धरून ठेवतात. कच्च्या फेसाची ही पकड तात्पुरती असते. वाटी तशीच ठेवली, तर अर्ध्या तासात तळाशी पाणी साचतं. पकड कायमची व्हायला उष्णता लागते.

पायच्या बाबतीत ही उष्णता फक्त वरून मिळते. सारण थंडगार असेल, तर मेरँगचा वरचा थर ओव्हनमध्ये शिजतो आणि सारणाला टेकलेला थर कच्चाच राहतो. तो कच्चा फेस हळूहळू फुटतो आणि त्यातलं पाणी खाली झिरपतं. खालचं पाणी म्हणजे कमी शिजल्याची खूण. त्यावर उपाय सरळ आहे: मेरँग आधी फेटून तयार ठेवायचं, सारण गॅसवरून काढून वाफाळतं असतानाच पारीत ओतायचं आणि लगेच वर मेरँग पसरायचं. सारणाची उष्णता खालून काम करते. पसरताना कडेपासून सुरुवात करून पारीच्या काठाला मेरँग चिकटवून घ्यायचं, म्हणजे ते आकसून मध्ये गोळा होत नाही.

एक फसवी शक्यता इथेच बघून घ्यावी. खाली साचलेलं पाणी पिवळसर, आंबट आणि किंचित दुधट असेल, तर ते मेरँगचं नसून सारणाचंच असू शकतं. पिवळ्या बलकात पिष्टाचे तुकडे करणारं एक एन्झाइम असतं. बलक घातल्यावर कॉर्नफ्लोअरचं सारण नीट उकळलं नाही, तर ते जिवंत राहतं आणि घट्ट झालेलं सारण पुन्हा पातळ करतं. म्हणून बलक घातल्यावर सारण ढवळत ढवळत मिनिटभर तरी बुडबुडे येईपर्यंत शिजवायचं.

आता वरचे थेंब. तिथे गोष्ट उलटी होते. प्रथिनं जास्त तापली की एकमेकांना इतकी घट्ट आवळतात की मधलं पाणी पिळून बाहेर पडतं. भुर्जी जास्त वेळ परतली की तव्यात पाणी सुटतं, तसंच हे. फरक इतकाच की मेरँगमधल्या पाण्यात साखर विरघळलेली असते, त्यामुळे बाहेर येतो तो पाक. म्हणूनच थेंब चिकट आणि सोनेरी दिसतात. घरातल्या ओव्हनमध्ये पायवरच्या मेरँगला साधारण १७५ अंश सेल्सिअसवर १५ मिनिटं पुरतात. रंग अजून गडद व्हावा म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवलं की थेंब आलेच.

वेळ आणि तापमान बरोबर असूनही थेंब येत असतील, तर बोट साखरेकडे दाखवायला हवं. न विरघळलेला साखरेचा दाणा फेसात स्वस्थ बसत नाही. ओव्हनमध्ये तापू लागला की तो आजूबाजूच्या बुडबुड्यांचं पाणी ओढून घेतो आणि विरघळून तिथेच पाकाचा एक ठिपका तयार होतो. पाक फेसापेक्षा कितीतरी जड. तो शेजारचे बुडबुडे मोडत वाट काढतो आणि पृष्ठभागावर नाहीतर तळाशी येऊन जमतो. मेरँगच्या छोट्या, कोरड्या कुकीज भाजताना बटर पेपरवर तपकिरी, चिकट कडं दिसतं, ते बहुतेक वेळा याच पाकाचं.

मग साखर पूर्ण विरघळायला काय लागतं? आधी हिशेब करू. चार अंड्यांचा पांढरा भाग साधारण १२० ग्रॅम भरतो. त्यात पाणी सुमारे १०५ ग्रॅम. वीस अंशांवर १०० ग्रॅम पाणी जेमतेम २०० ग्रॅम साखर सामावून घेतं. म्हणजे आपल्या वाटीत जास्तीत जास्त २१० ग्रॅम साखर विरघळू शकते. कोरड्या कुकीजसाठी मात्र अंड्याच्या दुप्पट साखर घेण्याची पद्धत आहे, म्हणजे २४० ग्रॅम. वरची ३० ग्रॅम साखर, कितीही वेळ फेटा, थंड मिश्रणात विरघळणारच नाही. पाणीच कमी पडतं. हेच मिश्रण ४० अंशांवर नेलं, तर १०० ग्रॅम पाणी सुमारे २३५ ग्रॅम साखर घेतं आणि २४० ग्रॅमचा हिशेब बसतो. पायवरच्या मऊ मेरँगला चार अंड्यांमागे १२० ग्रॅमच्या आसपास साखर लागते. तिथे पाण्याची टंचाई नसते, अडचण असते ती वेळेची. पाणी बुडबुड्यांभोवती पातळ पापुद्र्यांत वाटलं गेलेलं असतं आणि दाणा मोठा असला तर त्याला पुरेसं पाणी भेटायला उशीर लागतो.

दाण्याचा प्रश्न आपल्याकडे जास्त जाणवतो. किराणा दुकानातली रोजची साखर बरीच जाड असते. युरोप-अमेरिकेतल्या पाककृती ज्या कॅस्टर शुगरला धरून लिहिलेल्या असतात, तिचा दाणा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. तोच दाणा घरी मिळवायचा असेल, तर साखर मिक्सरच्या कोरड्या भांड्यात थांबत थांबत दोन-तीनदा फिरवायची आणि चाळून घ्यायची. बारीक रव्याइतकी झाली की थांबायचं. बाजारातल्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा थोडं कॉर्नफ्लोअर असतं. ती लगेच विरघळते खरी, पण सगळी साखर तीच वापरली तर मेरँग पिठूळ लागतं. कोरड्या कुकीजमध्ये अर्धी साखर बारीक केलेली आणि अर्धी आयसिंग शुगर घेतात. ही दुसरी अर्धी सगळ्यात शेवटी चाळून, हलक्या हाताने मिसळतात. न विरघळलेला जो अंश राहतो तो इतका बारीक असतो की त्याचा ठिपकाही दिसत नाही.

साखर कधी घालायची, हेही तितकंच महत्त्वाचं. सुरुवातीलाच सगळी ओतली, तर पाणी पाकात अडकतं आणि फेस चढायला फार वेळ लागतो. शिखरं कडक झाल्यावर ओतली, तर प्रथिनांनी पाणी आधीच जखडून टाकलेलं असतं, साखर विरघळत नाही आणि फेस ठिसूळ होतो. मधली वेळ अशी: अंडी फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायची, पांढऱ्या भागात बलकाचा कणही नको. दोन अंड्यांना पाव चमचा लिंबाचा रस किंवा चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर घालायचं. मध्यम वेगावर फेस पांढरा होऊन बीटर उचलल्यावर टोक खाली वाकलं, की साखरेला सुरुवात. एका वेळी एक मोठा चमचा, आणि पुढचा चमचा घालण्याआधी पंधरा-वीस सेकंद फेटणं. चार अंड्यांच्या मेरँगला यात आठ-दहा मिनिटं जातात. घाई केली की साखर तळाशी बसते, म्हणून मध्ये एकदा स्पॅच्युलाने वाटीची कड खरवडून घ्यायची.

झालं की नाही, हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. थोडं मेरँग अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन चोळायचं. कण लागत असतील, तर अजून मिनिटभर फेटून पुन्हा बघायचं. साखर घातल्यावर मेरँग जास्त फेटलं जाण्याची भीती फार नसते. ती भीती खरी असते साखर घालण्याआधी, कारण नुसता पांढरा भाग जास्त फेटला की तो गुठळ्या होऊन फुटतो. मिनिटा-दोन मिनिटांनंतरही कण जात नसतील, तर वाटी गरम पाण्याच्या पातेल्यावर धरून फेटायचं. मिश्रण कोमट होताच बहुतेक कण विरघळतात.

खरं तर हाच उपाय सुरुवातीपासून केला की त्याला स्विस पद्धत म्हणतात. अंड्याचा पांढरा भाग आणि साखर एकत्र करून, वाफेवर ठेवून सतत हलवायचं. ५० ते ६० अंशांना पोहोचेपर्यंत साखर पूर्ण विरघळते. मेरँग न भाजता खाणार असाल, तर ७१ अंशांपर्यंत नेलेलं बरं, म्हणजे साल्मोनेलाची काळजी मिटते. मग वाटी खाली उतरवून थंड होईपर्यंत फेटायचं. इटालियन पद्धतीत साखर वेगळी उकळून सुमारे ११८ अंशांचा पाक करतात, म्हणजे आपला गोळीबंद पाक, आणि तो फेटत असलेल्या फेसात बारीक धारेने सोडतात. इथे दाणा उरण्याचा प्रश्नच येत नाही, शिवाय पाकाची उष्णता फेस अर्धवट शिजवूनही टाकते. पायवर पाणी येण्याचा त्रास वारंवार होत असेल, तर ही पद्धत सगळ्यात भरवशाची.

एवढं करूनही हवेपुढे कुणाचं काही चालत नाही. मुंबई किंवा कोकणात पावसाळ्यात कोरड्या मेरँग कुकीज बशीत ठेवल्या, की साखर हवेतली ओल ओढते आणि त्या काही तासांत चिकट होतात. तो विरघळण्याचा दोष नाही, साठवण्याचा आहे. ९० ते १०० अंशांवर दीड-दोन तास भाजून, ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायच्या आणि लगेच हवाबंद डब्यात भरायच्या. चिकट झालेल्या कुकीज त्याच मंद आचेवर अर्धा तास ठेवल्या की पुन्हा कोरड्या होतात. पाकाचे थेंब आलेलं पायवरचं मेरँग मात्र दुरुस्त होत नाही. वरचे थेंब टिश्यू पेपरने अलगद टिपून घ्यायचे, पाय त्याच दिवशी संपवायचा, आणि पुढच्या वेळी ओव्हनमध्ये घालण्याआधी मेरँग बोटांत चोळून बघायचं.