वर वळलेलं पान, खाली वळलेलं पान

मिरचीचं पान आकसलं की सरसकट 'बोकड्या आला' म्हणतात, विदर्भात 'कोकडा'. पत्रकांमध्ये त्यालाच चुरडा-मुरडा लिहिलेलं असतं. या एका नावाखाली फुलकिडे, कोळी आणि विषाणू असे तीन वेगळे शत्रू येतात, आणि तिथूनच चुकीच्या फवारण्या सुरू होतात.

नंदुरबार भागात एका शेतकऱ्याच्या एकरभर मिरचीत मी गेलो होतो. लावणीला चाळीस दिवस झाले होते. फुलकिड्यांसाठी चार फवारण्या झाल्या होत्या, तरी शेंडे आवळलेलेच. "दादा, औषधच बनावट निघालं असेल का?" त्यांनी विचारलं. औषधाचं नंतर बघू, आधी पानं कोणत्या बाजूला वळलीत ते बघू, असं मी म्हटलं.

विहिरीकडच्या सरीत पानांच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं होतं. पान उलटं केलं तर मधल्या शिरेजवळ चंदेरी-तपकिरी ओरखडे दिसले. फुलकिडे पान खरवडतात आणि झिरपलेला रस शोषतात, त्याच्या या खुणा. वहीचं कोरं पान शेंड्याखाली धरून शेंडा टिचकावला. दोराच्या तुकड्यासारखे बारीक, फिकट पिवळे जीव कागदावर पळू लागले. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, पण पळतात म्हणून डोळ्यांना सापडतात.

बांधाकडच्या झाडांवर मात्र पानांच्या कडा खाली वळल्या होत्या, होडी उपडी ठेवावी तशा. पानं अरुंद, गडद हिरवी, हाताला कडक, आणि देठ लांबलेले. हे पिवळ्या कोळ्याचं काम. हा कीटक नाही, आठ पायांचा कोळी आहे. एका मिलिमीटरचा पाचवा भाग एवढाच, म्हणून कागदावर टिचकावून तो दिसायचा नाही. दहा ते वीस पट मोठं दाखवणारं भिंग कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला लावलं तेव्हा काचेसारखे पिवळसर ठिपके हलताना दिसले. फुलकिड्यांच्या कित्येक औषधांना कोळी दाद देत नाही. त्यातून पायरेथ्रॉइड गटातलं औषध मारलं तर कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी उलट वाढतो. त्यांच्या चार फवारण्यांपैकी दोन त्याच गटातल्या होत्या. औषध बनावट नव्हतं, रोगनिदान चुकलं होतं.

खरी फसगत तिसऱ्या प्रकारात होते, कारण विषाणूची पानंही वरच वळतात. शेतात विखुरलेली अशी सात-आठ झाडं होती: बुटकी, पेरं आखूड, शेंड्याला बारीक पानांचा झुपका. एक पान मी उन्हाकडे धरलं. शिरा जाड होऊन फुगल्या होत्या, शिरांमधला भाग पिवळट पडला होता, आणि खालच्या बाजूला ओरखडा एकही नव्हता. वर वळलेल्या पानात फुलकिडे की विषाणू हे ओळखायला या तीन गोष्टी पुरतात. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. रोगट झाडाचा रस घेतलेली माशी पुढे जिथे बसून रस शोषेल तिथे तो सोडते. झाडाला हात लावल्याने तो पसरत नाही.

अर्थात एकाच झाडावर दोन-दोन गोष्टीही असतात, आणि शेजारच्या शेतातलं तणनाशक उडून आलं तरी पानं वाकडी होतात. शंका असेल तेव्हा पाच झाडांना फीत बांधावी, योग्य ती फवारणी करावी आणि आठ-दहा दिवसांनी फक्त नवी पानं पाहावीत. जुनं वळलेलं पान कधीच सरळ होत नाही, त्याच्यावरून निकाल लावू नये. नवा शेंडा सपाट आला तर किडा किंवा कोळी होता. नवं पानही आकसूनच आलं आणि किडा दिसत नसला तर विषाणू धरून चालावं.

त्या शेतात विहिरीकडे स्पिनोसॅड मारलं. बांधाकडे पाण्यात मिसळणारं गंधक, दहा लिटरला 20 ते 30 ग्रॅम, तेही सकाळी लवकर, कारण कडक उन्हात गंधकाने पानं करपतात. लिंबोळी तेलाची फवारणी झाली असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. विषाणूची सात-आठ झाडं उपटून पुरायला सांगितलं, तेव्हा ते थबकले. "फुलं लागलीत हो यांना." मलाही वाईट वाटलं, पण ती झाडं पांढऱ्या माशीला विषाणू पुरवत राहिली असती.

नवव्या दिवशी त्यांनी फोटो पाठवले. विहिरीकडचे आणि बांधाकडचे शेंडे सपाट फुटले होते. मधल्या सरीत आणखी तीन झाडं आकसलेली दिसली. आम्ही यायच्या आधीच माशी त्यांच्यावर बसून गेली असणार. पुढच्या हंगामाची रोपं 40 मेशच्या जाळीखाली वाढवायचं त्यांनी ठरवलं आहे. कोवळ्या रोपातच विषाणू शिरला तर त्या झाडाला मिरची जवळपास लागतच नाही.