एमपॉक्सचे पुरळ

एमपॉक्स (पूर्वीचे नाव: मंकीपॉक्स) हा देवीच्या विषाणूच्या कुळातील विषाणूमुळे होणारा संसर्गजन्य रोग आहे. त्वचेवर उठणारे पुरळ हे त्याचे प्रमुख लक्षण होय. हे पुरळ कांजिण्यांसारखे दिसत असल्याने दोन्ही रोगांची गल्लत होते. नावांत व रूपात साम्य असले तरी कांजिण्यांचा विषाणू नागीण कुळातील असून त्याचा एमपॉक्सशी संबंध नाही.

पुरळाच्या अवस्था

संसर्ग झाल्यानंतर साधारणतः ३ ते २१ दिवसांत लक्षणे दिसतात. अनेक रुग्णांना प्रथम ताप, डोकेदुखी व अंगदुखी होते आणि मान, काख किंवा जांघेतील लसिकाग्रंथी सुजून गाठी हाताला लागतात. त्यानंतर एक ते तीन दिवसांत पुरळ उठते.

प्रत्येक फोड ठरावीक क्रमाने बदलतो. प्रथम त्वचेवर सपाट डाग दिसतो. एकदोन दिवसांत तो उंचावून त्याची टणक पुळी होते व पुढे तिच्यात स्वच्छ द्रव भरतो. नंतर हा द्रव दाट व पिवळसर होतो. ही पूसदृश फोडाची अवस्था सुमारे पाच ते सात दिवस टिकते. या वेळी फोड गोल, घट्ट व त्वचेत खोलवर रुतलेला असतो आणि त्याच्या मध्यभागी अनेकदा बेंबीसारखा खळगा पडतो. शेवटी खपली धरते व ती गळून पडते. हा सर्व प्रवास दोन ते चार आठवड्यांचा असतो.

प्रसार

फोडातील द्रव, खपली आणि तोंड व जननेंद्रियांच्या ओलसर आवरणात विषाणू असतो. त्यामुळे त्वचेचा त्वचेशी थेट संपर्क, ज्यात लैंगिक संबंधही आले, हा प्रसाराचा मुख्य मार्ग आहे. समोरासमोर दीर्घकाळ राहिल्याने, तसेच रुग्णाचे अंथरूण, टॉवेल व कपडे हाताळल्यानेही लागण होऊ शकते. सर्व खपल्या गळून खाली नवी त्वचा येईपर्यंत रुग्ण संसर्गजन्य मानला जातो. केवळ ताप उतरला म्हणून विलगीकरण संपवता येत नाही. रुग्णाच्या निकट संपर्कातील व्यक्तींवर २१ दिवस लक्ष ठेवले जाते.

कांजिण्यांपासून फरक

कांजिण्यांचे फोड उथळ व नाजूक असतात आणि त्यांना बहुधा फार खाज सुटते. ते लाटांनी येतात. त्यामुळे छातीवर किंवा पाठीवर एकाच ठिकाणी डाग, पाण्याचा फोड व खपली एकत्र आढळतात. ते धडावर अधिक असतात, तळहात व तळपायांवर क्वचित उठतात आणि साधारण आठवड्याभरात खपली धरतात. एमपॉक्सच्या पारंपरिक रूपात याउलट चित्र दिसते. शरीराच्या एका भागातील फोड बहुधा एकाच अवस्थेत असतात, चेहरा व हातपायांवर अधिक उठतात आणि तळहात व तळपायांवरही येतात. लसिकाग्रंथींची ठळक सूज एमपॉक्सकडे निर्देश करते. कांजिण्यांत ती सहसा ठळक नसते.

खुणांच्या मर्यादा

२०२२ च्या जागतिक साथीत या खुणा अनेकदा अपुऱ्या ठरल्या. भारतातील पहिले दोन रुग्ण त्या वर्षी जुलैमध्ये केरळमध्ये आढळले. दोघेही संयुक्त अरब अमिरातीतून परतले होते व त्यांच्या नमुन्यांची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत झाली. दोघांच्याही जननेंद्रियावर फोड होते, तर एकाच्या तोंडात व ओठांवरही ते उठले होते. या साथीतील बऱ्याच रुग्णांना मोजकेच फोड आले, ते संपर्काच्या जागीच राहिले, वेगवेगळ्या अवस्थांत दिसले आणि काहींना आधी तापही आला नाही. अशा रुग्णात ‘सर्व फोड एकाच अवस्थेत’ हा निकष लावल्यास एमपॉक्स निसटतो. उलट बाजूने, पुण्यातील संस्थेत तपासलेल्या काही संशयित रुग्णांत एमपॉक्सऐवजी कांजिण्यांचा विषाणू सापडला. दोन्ही रोग एकाच वेळी झाल्याच्याही नोंदी आहेत.

निदान

त्यामुळे पुरळाचे रूप संशय घेण्यास पुरेसे असले, तरी निश्चित निदान पीसीआर चाचणीनेच होते. त्यासाठी फोडाचा पृष्ठभाग किंवा द्रव स्वॅबने घेतला जातो, अथवा खपली पाठवली जाते. पुरळ असताना केवळ रक्ताचा नमुना विश्वसनीय नसतो, कारण रक्तातील विषाणू अल्पकाळच टिकतो. त्याच नमुन्यावर कांजिण्यांचीही चाचणी केल्यास गल्लत टळते. हा भेद उपचारासाठीही आवश्यक आहे. कांजिण्यांवर वापरले जाणारे असायक्लोव्हिर एमपॉक्सवर उपयोगी पडत नाही. शिवाय एमपॉक्सला कांजिण्या समजल्यास खपल्या गळण्यापूर्वीच विलगीकरण संपवले जाण्याचा व घरातील इतरांना लागण होण्याचा धोका राहतो.